दार लावण्याआधी: सासू-सासरे अडीच महिने राहायला येतात तेव्हा

आजचा विषय जरा नाजूक आहे, त्यामुळे हेडफोन लावून ऐकत असाल तर बरं. स्पीकरवर लावलंय आणि आई शेजारीच बसलीय, असं असेल तर असू दे, तिलाही ऐकू दे. तिच्याविरुद्ध यात काही नाहीये.

विषय असा, की आई-बाबा किंवा सासू-सासरे आपल्याकडे राहायला येतात. दोन दिवस नाही, दोन-तीन महिने. दोन दिवसांचं काही वाटत नाही. आपण हॉलमध्ये गाद्या टाकतो, बाहेरून जेवण मागवतो, मजा येते. पण तिसऱ्या आठवड्यापासून कुठंतरी अडायला लागतं. घरात स्वतःचं असं एक तासही मिळत नाहीये, हे जाणवायला लागतं. आणि हे बोलायचं कसं, ते कळत नाही. कारण आलेली माणसं आपली आहेत, प्रेमानं आलेली आहेत, आणि त्यांनी काही वाईट केलेलं नाहीये.

मी आमच्याच घरचं सांगते, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. आम्ही दोघं पुण्यात, वाकडला राहतो. टू बीएचके. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. सासू-सासरे लातूरकडचे, गावात स्वतःचं घर, मागे परस, पुढे अंगण. सासरे शाळेत शिक्षक होते, आता रिटायर. दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. एक डोळा झाला की काही आठवड्यांनी दुसरा, मग महिनाभर थेंब घालायचे, मध्ये मध्ये दाखवायला जायचं. म्हणजे हिशोब केला तर नोव्हेंबर ते संक्रांत. अडीच महिने.

आता आमची दुसरी बेडरूम म्हणजे खरं तर आमचं ऑफिस. ती त्यांना दिली. टेबल, मॉनिटर, खुर्ची सगळं आमच्या बेडरूममध्ये आलं. म्हणजे आमची झोपायची खोली, कामाची खोली आणि दोघांना भांडायची खोली एकच झाली. हो, भांडायलाही जागा लागते! सासू-सासऱ्यांसमोर भांडता येत नाही आणि त्यांच्या पाठीमागे मोठ्यानं भांडता येत नाही. व्हॉट्सॲपवर भांडावं लागतं, शेजारी शेजारी बसून.

त्यात एक गंमत म्हणजे अमेरिकेची घड्याळं. माझी टीम तिकडं पूर्व किनाऱ्यावर आहे. त्यांचा सकाळी अकराचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची घड्याळं एक तास मागे जातात आणि तोच कॉल आपल्याकडे साडेनऊला येतो. लातूरच्या घरात साडेनऊला दिवे बंद होतात. त्यामुळे सगळं घर चिडीचूप असताना मी बेडरूममध्ये इंग्रजीत बोलतेय, आणि सासूबाईंना काळजी, की ही पोरगी इतक्या रात्री कुणाशी बोलतेय, जेवली का नीट, झोपणार कधी. मग दहा वाजता दार ढकलून हळदीचं दूध. कॅमेरा चालू.

आता त्यांचं चुकलं का? मला नाही वाटत. आणि इथंच या विषयाचा खरा गुंता आहे.

गावच्या घरात दिवसा दार लावत नाहीत. लावलंच तर त्याला अर्थ असतो. कुणी आजारी आहे, कुणी कपडे बदलतंय, नाहीतर कुणीतरी रुसलंय. लग्न झालेलं जोडपं भरदिवसा दार लावून बसलं तर त्याचा अर्थ काय घेतात ते मी सांगायला नको. म्हणजे आपण आपल्या डोक्यात 'मला तासभर शांत हवंय' म्हणून दार लावतो, आणि पलीकडे हॉलमध्ये बसलेल्या माणसाला त्या दारातून वेगळाच निरोप जातो, की सून रागावलीय. आपण काही न बोलता लावलेलं दार हे त्यांच्यासाठी बोलणंच असतं.

दुसरं म्हणजे शब्द. 'आम्हाला थोडी प्रायव्हसी हवीय.' हे वाक्य आपल्याला साधं वाटतं. आईला ते कसं ऐकू येतं? 'तुम्ही नको आहात' असं. 'स्पेस' तर त्याहून वाईट. मराठी शब्द शोधायला जावं तर 'एकांत' म्हटलं की नवीन लग्नाचा विनोद होतो आणि 'खासगी' म्हटलं की वकिलाची नोटीस आल्यासारखं वाटतं. मी म्हणते, तो शब्द सोडूनच द्या. जे हवंय ते सांगा. कुठल्या वेळी, कुठल्या खोलीत, किती वेळ आणि कशासाठी. 'रात्री साडेनऊ ते साडेदहा माझं काम असतं, तेव्हा दार लावते.' यात कुणाला नकोसं वाटायला जागाच नाही.

आणि असं समजू नका की मागच्या पिढीला हे काही ठाऊकच नाही. तुमच्या आजीला विचारा, सासरे घरात येताना काय करायचे. खाकरायचे! ओसरीवरून आत यायच्या आधी एकदा खाकरायचं, म्हणजे आतल्या बायकांना कळायचं, पदर सावरायचा, आडवं पडलेलं असेल तर उठून बसायचं. ती आपली नॉक करायची पद्धत होती. ओसरी पुरुषांची, माजघर बायकांचं, दुपारी जेवणं आटोपल्यावर पुरुष पथारी पसरले की तो वेळ बायकांचा. दारं नव्हती, पण जागा ठरलेल्या होत्या आणि वेळा ठरलेल्या होत्या. फ्लॅटमध्ये ते सगळं गेलं. ओसरी, माजघर, देवघर मिळून एक हॉल उरला.

म्हणून माझ्या नवऱ्यानं आईला 'नॉक करत जा' असं म्हटलं नाही. 'आत येताना आवाज देत जा' असं म्हटलं. नॉक म्हणजे परक्याचं दार. आवाज देणं हे त्यांच्या घरातलंच आहे. फरक एका शब्दाचा आहे, पण समोरच्याच्या चेहऱ्यावर तो दिसतो.

पण थांबा, बोलण्याच्या आधी आम्ही एक काम केलं होतं, ते सांगते. मला वाटतं या सगळ्यात तेच सगळ्यात उपयोगी पडलं.

सासूबाई येऊन दोन दिवस झाले तेव्हा मला वाटत होतं की त्या सतत आमच्या खोलीत येतात. नवऱ्याला वाटत होतं, कुठं सतत, मला तर जाणवत नाही. आता आम्ही दोघंही इंजिनिअर. आमच्याकडे असा वाद झाला की आधी लॉग बघतात, मग बोलतात. तर मी चार दिवस फोनमधल्या नोट्समध्ये लिहून ठेवलं. कोण आलं आणि कशासाठी. एवढंच. 'त्रास झाला' वगैरे काही नाही, फक्त कारण.

चार दिवसांत एकतीस वेळा. त्यातले नऊ वेळा कपडे वाळत घालायला किंवा काढायला, कारण कपड्यांचा स्टँड आमच्या बेडरूमच्या बाल्कनीत. चार वेळा, म्हणजे रोज सकाळी एकदा, तुळशीला पाणी घालायला. तुळसही त्याच बाल्कनीत. पाच वेळा इस्त्रीसाठी. सहा वेळा टॉवेल, चादरी, पांघरुणं, कारण ते कपाट आमच्या खोलीत. किती झाले? चोवीस. म्हणजे एकतीसपैकी चोवीस वेळा त्या आमच्याकडे आल्याच नव्हत्या. आमच्या खोलीतल्या वस्तूंकडे आल्या होत्या. उरले सात. त्यात दूध आणणं, 'जेवलीस का' विचारणं, आणि दोन-तीन वेळा नुसतं येऊन पलंगाच्या कडेला बसणं.

हे कळल्यावर अर्धं भांडण तिथंच संपलं. शनिवारी आम्ही स्टँड आणि तुळस हॉलच्या बाल्कनीत नेली. तुळस त्यांनाच विचारून नेली, कुठं ऊन येतं, तोंड कुठं करायचं, ते सगळं त्यांनीच ठरवलं. इस्त्री आणि टॉवेल-चादरी त्यांच्या खोलीत. सकाळी सहा वाजता आमच्या पलंगाशेजारून बाल्कनीकडे जाणं बंद झालं आणि त्यासाठी कुणाला एक शब्द बोलावा लागला नाही.

म्हणून तुम्हीही आधी हे करून बघा. घरातली सगळ्यांना लागणारी कुठली वस्तू तुमच्या खोलीत आहे? गिझर फक्त तुमच्या बाथरूममध्ये आहे का? चार्जर? औषधांचा डबा? देव्हारा? जे हलवून सुटतं ते बोलून सोडवायला जाऊ नका. बोलण्याची ताकद त्या उरलेल्या सातासाठी ठेवा.

आता ते सात. त्याला बोलावंच लागतं.

कोणी बोलायचं? ज्याचे आई-वडील, त्यानं. यात मला दुसरं मत पटत नाही. सून कितीही गोड बोलली तरी ते 'सुनेनं सांगितलं' असंच राहतं, आणि ते लातूरच्या प्रत्येक नातेवाइकापर्यंत पोचतं. मुलानं सांगितलं तर ते मुलाचं लाडावलेपण ठरतं. जावयाच्या बाबतीतही तेच, मुलीनं आपल्या आईला सांगावं. पण एक अट. मुलानं बोलताना 'तिला आवडत नाही' म्हणायचं नाही. 'मला' म्हणायचं, नाहीतर 'आम्हाला'. माझ्या ओळखीत एकानं आईला सांगितलं, 'आई, मला काही नाही गं, पण हिला जरा सवय नाहीये.' बास. त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं ते दोन वर्षं चाललं.

कधी बोलायचं? पहिल्या दिवशी नको. माणूस बॅग खाली ठेवतोय आणि आपण नियम सांगतोय, असं लॉजमध्ये असतं. फार उशिराही नको. महिन्यानं सांगितलं तर समोरच्याच्या मनात पहिलं काय येतं, की म्हणजे महिनाभर यांना माझा त्रास होत होता आणि मला कळलंही नाही. ते फार लागतं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी, माणूस रुळलेला असतो आणि मागचा हिशोब साचलेला नसतो. आमच्याकडे सातव्या दिवशी झालं, त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी.

आणि कुठं? समोरासमोर बसून 'आई, जरा बोलायचंय' असं नको. 'बोलायचंय' म्हटलं की आईचं बीपी वाढतं. हातात काहीतरी काम असू दे. थंडीचे दिवस होते, मटारचा सीझन. नवरा आणि आई हॉलमध्ये खाली बसून मटार सोलत होते, सासरे खाली बाकावर पेपर घेऊन, मी मुद्दाम किराणा आणायला बाहेर. मटार सोलताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि गप्प बसलं तरी ते विचित्र वाटत नाही. हे बोलणं मला नंतर नवऱ्यानं सांगितलं, साधारण असं झालं.

'आई, एक सांगू? माझं आणि हिचं रात्रीचं काम असतं ना, साडेनऊ ते साडेदहा. तेव्हा आम्ही दार लावून घेतो. कॅमेरा चालू असतो, तिकडची सात-आठ माणसं बघत असतात.'

'अगं बाई! म्हणजे मी परवा दूध घेऊन आले तेव्हा?'

'हो, तेव्हाही.'

'गाऊनवर होते रे मी.'

'म्हणून तर सांगतोय. आणि कॉल झाल्यावर आम्ही दोघं अर्धा तास बसतो, बोलतो. दिवसभर एकमेकांशी बोलणंच होत नाही. म्हणजे अकरापर्यंत दार लागलेलं असेल. काही लागलं तर बाहेरून आवाज दे, मी लगेच येतो. बाबांना काही झालं तर सरळ आत ये, विचारूही नको.'

इथं ती गप्प झाली. चार-पाच शेंगा सोलल्या. मग तो प्रश्न आला. हा प्रश्न येणार हे धरूनच चाला, सगळ्यांच्या घरी येतो.

'अडचण व्हायलीय का आमची?'

आता बघा, या ठिकाणी दहापैकी नऊ जण काय करतात? घाबरतात. 'नाही गं आई, कसली अडचण, जाऊ दे, तू ये कधीही.' म्हणजे आत्तापर्यंत जे बोललो ते सगळं परत घेतलं. आईला बरं वाटतं, आपल्याला दोन मिनिटं बरं वाटतं, आणि रात्री दहाला दार परत उघडतं. आता दुसऱ्यांदा हे बोलणं पहिल्यापेक्षा दुप्पट अवघड.

नवऱ्यानं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. तो म्हणाला, 'तुम्ही आलात ते आम्हालाच हवं होतं. बाबांचं ऑपरेशन इथंच करायचं म्हणून मीच मागे लागलो होतो ना? ते वेगळं. आणि रात्रीचं दार वेगळं. दार रोज लागणार, तुम्ही संक्रांतीपर्यंत राहा नाहीतर पाडव्यापर्यंत राहा.' म्हणजे येण्याबद्दल शंका ठेवली नाही आणि दाराबद्दलही नाही. त्यातलं एकही नरम केलं नाही. आवाज मात्र नरम होता, असं तोच म्हणतो, मी ऐकायला नव्हते.

एक लक्षात आलं का तुमच्या? त्यानं अर्ध्या तासाचंही खरं सांगितलं. सगळं कामावर ढकललं नाही. आपल्याकडे सोपा उपाय म्हणजे 'मीटिंग आहे'. मीटिंगला आई-बाबा मान देतात, ऑफिसचं आहे म्हणजे मोठं काम आहे. पण फ्लॅटच्या भिंती पातळ असतात. आत वेब सिरीज चाललीय आणि दोघं हसतायत, हे बाहेर कळतंच. एकदा कळलं की मग खऱ्या मीटिंगलाही कुणी खरं मानत नाही. 'आम्हाला दोघांना बोलायला वेळ लागतो' हे म्हणायला लाज वाटते, मान्य. पण ते एकदाच म्हणावं लागतं.

मग पुढचे दोन दिवस काय झालं? सगळं छान झालं, असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. सासूबाई जरा दुखावल्या. आणि आपल्या आया दुखावल्या की ओरडत नाहीत, जास्तच शहाण्यासारख्या वागतात. हे ओळखायला शिका. 'टीव्ही लावू का?' असं विचारायला लागतात. 'चहा टाकू का, तुमच्या घरी?' यातला 'तुमच्या' ऐका. स्वयंपाकघरात जाणं कमी होतं, गावाकडचे फोन वाढतात, आणि जेवताना सहज विषय निघतो, की परतीची रेल्वे कधीची मिळते. जो माणूस सांगितल्यापेक्षाही जास्त पाळतोय तो नीट आहे असं समजू नका.

अशा वेळी परत तोच विषय काढून समजूत घालायला गेलं तर जखम उघडी पडते, असं माझं मत आहे. त्यापेक्षा त्यांच्यासाठी घरात काहीतरी पूर्ण त्यांचं असलं पाहिजे. आमच्याकडे नवऱ्यानं आईला विचारलं, 'तुला इथं काय अडतंय, ते सांग की. आम्ही आमचं सांगितलं.' आधी 'मला काय अडायचंय' झालं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आपणहून बोलल्या, आणि मंडळी, यादी आमच्यापेक्षा मोठी निघाली!

त्यांना कपडे बदलायला जागा नव्हती. त्यांच्या खोलीत सासरे डोळ्यांवर पट्टी नाहीतर काळा चष्मा लावून दिवसभर आडवे, आणि भेटायला आलेली माणसं तिथंच बसायची. बाहेरचं बाथरूम हॉलला लागून, आणि हॉलचं दार सारखं वाजतं, कधी कुरिअर, कधी डिलिव्हरीवाला. लुगडं गुंडाळून बाहेर यायचं आणि समोर अनोळखी पोरगा उभा. संध्याकाळी त्या पोथी वाचतात, वीस मिनिटं, तेव्हा टीव्ही नको असतो, पण मुलाच्या घरात टीव्ही बंद करा असं कसं म्हणायचं? आणि शेवटचं म्हणजे आम्ही दोघं फोनवर त्यांचे फोटो काढून स्टेटसला टाकतो. त्यांचा तो घरातला अवतार गावातल्या बायका बघतात. त्यांना ते आवडत नव्हतं.

म्हणजे त्यांनाही तेच हवं होतं. शब्द त्यांच्याकडेही नव्हता. मग ठरलं. सकाळी साडेसात ते आठ आमची बेडरूम आणि आतलं बाथरूम त्यांचं, दार आतून लावून, आम्ही दोघं तेव्हा हॉलमध्ये. डिलिव्हरी गेटवर ठेवायला सांगायची, आम्ही खाली जाऊन आणू. सात ते साडेसात टीव्ही बंद. आणि विचारल्याशिवाय फोटो नाही. त्या रात्री साडेनऊला त्यांनीच हाक मारली, 'वेळ झाली तुझी, दार लावून घे.'

यानंतरही दार अधूनमधून उघडायचंच. सवय आहे ती, साठ वर्षांची. पाच दिवस लक्षात राहतं, सहाव्या दिवशी विसरतं. तेव्हा नवरा नुसता बाहेरून म्हणायचा, 'आई, आवाज!' आणि त्या हसून मागे फिरायच्या. आठवण करून देणं आणि परत समजावणं यात फरक आहे. आठवण दोन शब्दांत व्हायला पाहिजे.

आता दाराशिवायची एक गोष्ट, थोडक्यात. माहितीची. आपला पगार, फ्लॅटचा हप्ता, आणि अर्थात 'गुड न्यूज कधी'. आई-बाबा घरात राहायला असले की ही माहिती त्यांच्या कानावर पडतेच, आणि संध्याकाळच्या फोनवर मावशीकडे, काकूंकडे जाते. त्यांच्या दृष्टीनं ती बातमी नाही, गप्पा आहेत. इथं 'कुणाला सांगू नका' हे चालत नाही, कारण मग फोनवर बोलायचं काय? त्यांना सांगण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं. नवरा म्हणाला, 'मावशीला माझ्या प्रमोशनचं सांग, मेट्रोचं सांग, बाबांच्या डोळ्याचं सांग. हप्त्याचं राहू दे, ते आपल्या घरातलं.' 'आपल्या घरातलं' या दोन शब्दांनी काम केलं, कारण त्यात त्या आत आहेत आणि मावशी बाहेर. गुड न्यूजच्या प्रश्नावर मीच एकदा बोलले, 'आई, असं काही झालं तर पहिल्यांदा तुम्हालाच कळेल. तोपर्यंत कुणी विचारलं तर तुम्ही माझ्या बाजूनं बोला.' त्यांना ती जबाबदारी आवडली. हा एकच विषय सुनेनं स्वतः बोलावा असं मला वाटतं.

हे सगळं कुठं चालत नाही तेही सांगते. घरात कुणी खरंच आजारी असेल, रात्री उठवावं लागत असेल, तर दार लावून घेण्याचा हट्ट करू नका. सासऱ्यांच्या दोन्ही ऑपरेशनच्या रात्री आमचं दार उघडंच होतं. दुसरं, नवरा किंवा बायको आपल्या आई-वडिलांशी बोलायलाच तयार नसेल, तर तो प्रश्न सासू-सासऱ्यांचा नाहीये. तो आधी तुमच्या दोघांमधला आहे. आणि तिसरं, सवय आणि ताबा यातला फरक ओळखा. सवय असेल तर सांगितल्यावर कमी होते, मध्ये मध्ये घसरते, पण माणूस ओशाळतो. ताबा ठेवायचा असेल तर सांगितल्यावर वाढतं. कपाटं मुद्दाम उघडली जातात, फोन बघितला जातो, दार लावलं की दहा मिनिटांत कुणाच्या तरी छातीत दुखतं. तिथं मटार सोलत बोलून भागणार नाही. तिथं राहण्याचे दिवसच कमी करावे लागतात, आणि तेही ज्याचे आई-वडील त्यानंच सांगावं लागतं.

शेवटचं, वन बीएचकेवाल्यांसाठी, कारण माझ्या अर्ध्या मित्रमैत्रिणी तिथंच राहतात. एकच बेडरूम असेल तर मोठ्यांना ती द्या आणि तुम्ही हॉलमध्ये झोपा, हे आपल्याकडे होतंच. मग दार तुमच्याकडे नसतंच. तिथं जागा मागू नका, वेळ मागा. घराबाहेरचा वेळ. रात्री जेवण झालं की दोघं चालायला जायचं, रोज, पाऊण तास, एकच वेळ. 'आई, आम्ही चक्कर मारून येतो' याला कुणी काही म्हणत नाही. पण पहिल्या आठवड्यातच सुरू करा आणि रोज जा. तीन आठवड्यांनी अचानक सुरू केलं तर घरात कुजबुज होते, की हे बाहेर जाऊन आपल्याबद्दल बोलतात. आणि हॉलमध्ये एक पडदा लावा, सरकणारा, साधा. त्या पडद्याच्या मागे सकाळी सासूबाईही साडी बदलू शकतात.

सासू-सासरे आता परत येणार आहेत, मे महिन्यात, आंबे घेऊन. तेव्हा तिकडची घड्याळं पुढे गेलेली असतील, माझा कॉल साडेआठला. म्हणजे नेमका जेवणाच्या वेळी. दाराचं काही नाही, पण जेवण साडेसातला करायचं की साडेनऊला, यावर आत्तापासून फोनवर चर्चा सुरू झालीय. सासरे साडेसात म्हणतायत. बघू.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.